सर्वांत लहान प्रतिउदाहरण: युक्लिडपासून झर्मेलोपर्यंत

एखादं विधान सगळ्या नैसर्गिक संख्यांना लागू आहे हे दाखवायचं असेल, तर एक जुना मार्ग असा. समजा, ते काही संख्यांना लागू पडत नाही. मग अशा नाठाळ संख्यांमध्ये एक सर्वांत लहान असणारच. तिला पकडायचं आणि तिच्याहून लहान असलेली दुसरी नाठाळ संख्या तिच्यातूनच काढून दाखवायची. सर्वांत लहान म्हणून जिला धरलं तिच्याहून लहान सापडली, म्हणजे मुळात नाठाळ संख्या नव्हत्याच. नैसर्गिक संख्यांच्या कुठल्याही रिकाम्या नसलेल्या संचात एक सर्वांत लहान संख्या असते, हा याचा आधार. त्यालाच वेल-ऑर्डरिंग प्रिन्सिपल म्हणतात. धन अपूर्णांकांना हा आधार नाही, कारण कुठलाही अपूर्णांक घ्या, त्याचा अर्धा त्याहून लहान असतो.

ही युक्ती लेखी स्वरूपात इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’मध्ये दिसते. सातव्या खंडातलं एकतिसावं विधान म्हणतं की प्रत्येक संयुक्त संख्येला कुठल्या तरी मूळ संख्येने भाग जातो. युक्लिडचा युक्तिवाद असा: संयुक्त संख्येला एक लहान विभाजक असतो. तो मूळ असेल तर काम झालं. नसेल तर त्याला आणखी लहान विभाजक असतो. हे थांबलंच नाही तर विभाजकांची न संपणारी उतरती रांग मिळेल, आणि संख्यांमध्ये हे अशक्य आहे. का अशक्य, हे तो सांगत नाही. इतकी उघड गोष्ट सिद्ध करावी लागेल असं पुढची दोन हजार वर्षं फारसं कुणाला वाटलंही नाही.

‘सर्वांत लहान’ शब्द वापरून तेच सांगितलं की सुटसुटीत होतं. १ पेक्षा मोठ्या ज्या संख्यांना मूळ विभाजक नाही, त्यांतली सर्वांत लहान घ्या. ती स्वतः मूळ नाही, नाहीतर तीच स्वतःची मूळ विभाजक ठरली असती. म्हणून तिला १ पेक्षा मोठा आणि तिच्याहून लहान विभाजक आहे. तो लहान असल्यामुळे नाठाळ असू शकत नाही, म्हणजे त्याला मूळ विभाजक आहे. तोच मूळ विभाजक आपल्या संख्येलाही भागतो. झाला विरोधाभास.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. शाळा-कॉलेजात शिकवलं जाणारं साधं इंडक्शन n वरून n+१ कडे जातं. पण १०० चे विभाजक काय आहेत याचा ९९ शी काही संबंध नाही. १०० वरून आपण उतरतो ते ५० वर किंवा २० वर. किती खाली उतरू हे आधी ठाऊक नसतं, आणि लहान प्रतिउदाहरणाच्या पद्धतीला त्याची गरजही नसते. विभाज्यतेच्या प्रश्नांत ती इतकी चपखल बसते ती यामुळेच.

तिला नाव दिलं फर्माने. १६५९ मध्ये आपला गणिती मित्र कार्कावी याला पाठवलेल्या पत्रात त्याने आपल्या पद्धतीला ‘अनंत अवरोहण’ म्हटलं आणि तिच्या जोरावर सिद्ध केलेल्या गोष्टी सांगितल्या. पूर्णांकी बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचं क्षेत्रफळ कधीच पूर्ण वर्ग नसतं, ही त्यांतली एक. डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात तिची सिद्धता त्याने लिहून ठेवली होती आणि मुलाने ती १६७० मध्ये छापली. त्याच पत्रात तो एक अडचण मोकळेपणाने मांडतो. ‘अमुक नसतं’ अशा नकारार्थी विधानांना ही पद्धत सहज लागू पडते, ‘अमुक असतंच’ अशा विधानांना फार जड जाते. उदाहरणार्थ, ४ ने भागल्यावर १ उरतो अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते: १३ = ४ + ९, २९ = ४ + २५. फर्मा लिहितो की अशी एखादी मूळ संख्या बेरीज नसेल, तर त्याच प्रकारची तिच्याहून लहान संख्याही बेरीज नसेल, आणि असं उतरत आपण ५ वर येऊ. पण ५ = १ + ४. एक पायरी खाली नेमकं कसं उतरायचं, हे मात्र तो लिहीत नाही. ते काम ऑयलरने १७४० च्या दशकात पुरं केलं.

या आधाराचाही आधार शोधायची वेळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. डेडेकिंड (१८८८) आणि पेआनो (१८८९) यांनी नैसर्गिक संख्यांची मांडणी केली. पेआनोने इंडक्शन स्वयंसिद्ध तत्त्व म्हणून धरलं, आणि त्यातून ‘सर्वांत लहान संख्या असते’ हे सिद्ध करता येतं. झर्मेलोचं १९०४ मधलं गाजलेलं प्रमेय वेगळं आहे, तिथे कुठल्याही संचाला, त्याच्या प्रत्येक रिकाम्या नसलेल्या भागात एक सर्वांत लहान घटक असेल, असा क्रम देता येतो असा दावा आहे, आणि त्यासाठी निवडीचं तत्त्व लागतं, म्हणजे कितीही संच असले तरी प्रत्येकातून एकेक घटक निवडता येतो हे गृहीत धरावं लागतं. नैसर्गिक संख्यांना त्याची गरज नाही.

पण याच झर्मेलोने १९३४ मध्ये छापलेली एक छोटी सिद्धता माझ्या मते या पद्धतीचं सर्वांत सुंदर रूप आहे. विधान ओळखीचं: संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. गाउसने १८०१ मध्ये ते स्पष्टपणे मांडून सिद्ध केलं होतं. झर्मेलोची वाट अशी. दोन वेगळ्या प्रकारे अवयव पडणारी सर्वांत लहान संख्या n घ्या. एका मांडणीतली एक मूळ संख्या p, उरलेल्यांचा गुणाकार A. दुसरीतली एक मूळ संख्या q, उरलेल्यांचा गुणाकार B. म्हणजे n = p×A = q×B. दोन्ही मांडण्यांत एकही मूळ संख्या सामाईक नाही, कारण असती तर तिने भागून n पेक्षा लहान नाठाळ संख्या मिळाली असती. समजा p लहान आहे. आता n मधून p×B वजा करा:

m = p×(A − B) = (q − p)×B

m ही n पेक्षा लहान आणि शून्याहून मोठी आहे, म्हणून तिचे अवयव एकाच प्रकारे पडतात. पहिल्या रूपावरून त्यांत p आहे. दुसऱ्या रूपात B मध्ये p नाही, तेव्हा p ने q − p ला भाग गेला पाहिजे. मग q लाही जातो, पण q ही p हून वेगळी मूळ संख्या आहे. संपलं. मसावि लागला नाही, युक्लिडची भागाकाराची रीतही लागली नाही.

ही सिद्धता कुठे मोडते ते पाहिलं की तिचा खरा भार कुठे आहे हे कळतं. १, ५, ९, १३, १७… म्हणजे ४ ने भागल्यावर १ उरणाऱ्या संख्याच फक्त जगात आहेत असं माना. यांना हिल्बर्टच्या नावाने ओळखतात. यांतल्या दोघांचा गुणाकार यांच्यातच येतो, आणि यांच्या प्रत्येक संचात सर्वांत लहान संख्याही असते. तिथे ९, २१ आणि ४९ यांचे आणखी तुकडे पडत नाहीत, कारण ३ आणि ७ त्या जगात नाहीत. तरीही ४४१ = ९ × ४९ = २१ × २१. आता झर्मेलोची पायरी चालवून बघा: p = ९, q = २१, B = २१. तर m = ४४१ − १८९ = २५२ = १२ × २१. पण २५२ ला ४ ने निःशेष भाग जातो, १२ लाही जातो. दोन्ही त्या जगाबाहेरच्या. सर्वांत लहान नाठाळ संख्या मिळते, पण तिच्यापासून खाली उतरणारी पायरी जगाबाहेर पडते, आणि ४४१ ला काही धक्का लागत नाही.