कोंबडीचे भाग : छाती, मांडी, तंगडी आणि पंख

ब्रॉयलर कोंबडी कापल्यावर तिच्या मांसाचे जे चार मुख्य भाग निघतात, त्यांतील चरबी, शिजण्याची रीत आणि कोरडे पडण्याचा धोका एकमेकांपेक्षा वेगळा असतो. मुंबईतल्या चिकनच्या दुकानात छातीला ‘ब्रेस्ट’ म्हणतात. गिऱ्हाइकाने नुसते ‘बोनलेस’ मागितले, तर बहुतेक वेळा हेच मांस मिळते. मांडी आणि तिच्या खालची तंगडी जोडून ठेवली की ‘फुल लेग’ होतो. ‘लेग पीस’ हा शब्द मात्र कधी फुल लेगसाठी, तर कधी नुसत्या तंगडीसाठी वापरला जातो, म्हणून मागताना बोट दाखवलेले बरे. पंखांना ‘विंग’ म्हणतात, आणि त्यांचाच ‘लॉलीपॉप’ होतो. चारही भाग हाडासकट तोडून एकत्र दिले की तो ‘करी कट’.

चरबीची तुलना करताना कातडी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. कातडी काढलेल्या कच्च्या मांसात दर १०० ग्रॅममागे छातीत साधारण अडीच ग्रॅम चरबी असते. तंगडीत ती साडेतीन ते पावणेचार आणि मांडीत चारच्या आसपास असते. म्हणजे डाएट करणारे ज्या फरकासाठी मांडी टाळतात, तो दीड ग्रॅमचा आहे. खरी चरबी कातडीत आणि तिच्या लगेच खाली असते. कातडीसकट मांडीत हा आकडा १६ ग्रॅमच्या घरात जातो, छातीत नऊच्या. पंखावर मांस कमी आणि कातडी जास्त, त्यामुळे कातडी ठेवली तर पंख चांगलाच तुपाळ, आणि काढली तर जवळपास तंगडीइतकाच हलका. मुंबईत कातडी सोलून घेण्याचीच चाल असल्याने घरच्या कालवणात या चारांमधला चरबीचा फरक फार उरत नाही.

मग छातीच तेवढी कोरडी का पडते? दीड ग्रॅम चरबीने हे कोडे सुटत नाही. कोंबडी दिवसभर उभी राहते, चालते, पण उडते क्वचित. पायाच्या स्नायूंना सतत काम असल्याने त्यांत प्राणवायू साठवणारे लाल रंगद्रव्य जास्त असते, म्हणून ते मांस गडद दिसते. त्या स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पडदे आणि शिराही जास्त असतात. हे पडदे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. सत्तर अंश सेल्सिअसच्या वर, ओलाव्यात, थोडा वेळ मिळाला की कोलॅजन विरघळून जिलेटिन होते, आणि ते तंतूंमध्ये शिरून मांस लुसलुशीत व ओलसर ठेवते. छातीत असे पडदे फारच थोडे. तापमान साधारण ६५ अंशांपुढे गेले की तिचे तंतू आकसून आतले पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि त्याची भरपाई करायला जिलेटिन नसते. पाणी मांडीतूनही जाते. फक्त ते आपल्याला जाणवत नाही.

म्हणून छातीला कमी वेळ आणि नेमकी आच हवी. सुरक्षिततेसाठी मांसाच्या मध्यभागी ७४ अंश गाठणे पुरेसे असते. सत्तरएक अंशांवर विस्तवावरून उतरवून पाच मिनिटे झाकून ठेवले, तर आतल्या उष्णतेने उरलेले अंश भरून निघतात. अख्ख्या ब्रेस्टची दुसरी अडचण आकाराची आहे: एक टोक जाड, दुसरे पातळ. जाड टोक शिजेपर्यंत पातळ टोकाचा चोथा होतो. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लाटण्याने हलकेच ठोकून ते एकसारखे करून घेतले, की तव्यावर दोन्ही बाजू मिळून आठ-दहा मिनिटांत काम होते. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ब्रेस्ट अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवल्यास तंतू पाणी जास्त धरून ठेवतात. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये मात्र रात्रभर ठेवू नये, वरचा थर खडूसारखा भुसभुशीत होतो. टिक्क्यासाठी लोक सवयीने ब्रेस्ट घेतात; मांडीचे बोनलेस मागून घेतले तर भट्टीतली दोन मिनिटे जास्तीची झाली तरी निभावते.

मांडी ७४ अंशांवर खाण्याजोगी होते, पण तेव्हा चावताना रबरासारखी लागते. ती ८० ते ८५ अंशांपर्यंत जाऊ द्यावी. रस्सा, सुके, बिर्याणी ही तिची घरे. तंगडीचेही तसेच, पण तिच्यात हाडाला चिकटलेल्या शिरा जास्त आणि आकार गोल, म्हणून सुक्या आचेवर ती आतून मागे राहते. तंगडी कबाबाला हाडापर्यंत चिरे देतात ते मसाल्यासाठी जितके, तितकेच आच आत पोचावी म्हणून. शिजली की घोट्याकडचे मांस हाडावरून वर सरकते. एवढी खूण ओळखता आली तरी पुरते.

पंखाचे तीन तुकडे असतात. टोकाचा तुकडा बहुधा टाकला जातो. उरलेल्या दोहोंचे मांस हाडाच्या एका टोकाकडे सोलून ढकलले की लॉलीपॉप होतो. मधल्या तुकड्यात दोन हाडे असतात, त्यांतले बारीक हाड आधी ओढून काढतात. कातडीसकट पंख तळला किंवा भाजला तर वितळणारी चरबीच त्याला राखते. कातडी काढलेल्या लॉलीपॉपला हे कवच नसते. चायनीजच्या गाडीवर ते काम मैदा, कॉर्नफ्लोअर आणि अंड्याचे लाल पीठ करते. पीठ पातळ झाले आणि तेल फार तापले, की बाहेरून काळपट आणि हाडाशी कच्चे, अशी गत होते.

हे चारही भाग एकाच पातेल्यात येतात तेव्हा पंचाईत होते. एक किलो करी कट घेऊन मालवणी रस्सा करायचा असेल, तर धुतानाच छातीचे तुकडे वेगळे काढावेत. ते फिकट, जाड आणि चपट्या हाडाचे असल्याने लगेच ओळखू येतात. मीठ, हळद आणि आले-लसूण सगळ्यांना लावावे. कांदा परतून आधी पाय, पंख, पाठ आणि मान टाकावी, आणि ताटलीवर पाणी ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफ द्यावी. नंतर छातीचे तुकडे, ताटलीवरचे गरम पाणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालून आणखी दहा मिनिटे हलकी उकळी पुरते. कुकर लावला तर आतले तापमान १२० अंशांजवळ जाते. दोन शिट्ट्यांत तंगडी झकास होते आणि छातीचा दोरा होतो. गावठी कोंबडीला मात्र कुकर शोभतो, कारण तिचे वय जास्त आणि कोलॅजनही चिवट. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी तापवताना छातीचे तुकडे बाजूला काढून शेवटी सोडावेत.

तंगडी फोडल्यावर हाडाजवळ लालसर दिसले म्हणून ती पुन्हा शिजवत ठेवणारे घरोघरी आहेत. ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिची हाडे कोवळी असतात, आणि मज्जेतला रंग मांसात उतरतो. मांस हाडापासून सहज सुटत असेल आणि तंतू काचेसारखे पारदर्शक दिसत नसतील, तर तो लाल रंग बहुधा मज्जेचाच. शंका राहिली तर थर्मामीटरची टोकदार सळई हाडाला न टेकवता मांसात खुपसून पाहावी.