बिल झालं की दहा टाचा

लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या बाईंचे पाय कुणी बघत नाही. गिऱ्हाइकाची नजर साडीवर असते, मालकाची गल्ल्यावर. रात्री घरी गेल्यावर त्या मोजे काढतात तेव्हा पोटरीखाली इलॅस्टिकचा गोल वळ उमटलेला असतो. त्याच सुमाराला मोबाइलवर कुणीतरी सांगत असतं की रोज संध्याकाळी पाऊण तास चाला, तीस स्क्वॉट मारा. दिवसभर बसून काम करणाऱ्यांसाठी हा सल्ला चांगला आहे. दहा तास उभं राहणाऱ्यांच्या बाबतीत त्याची वेळच चुकते. का चुकते, ते पोटरीत काय चालतं यावरून कळतं.

माणूस शांत उभा असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंत रक्ताचा साधारण सव्वा मीटर उंचीचा स्तंभ तयार होतो. त्याच्या वजनामुळे घोट्याजवळच्या शिरांमधला दाब ८० ते ९० पर्यंत जातो. आपण ब्लडप्रेशर ज्या मापात मोजतो, त्याच मापातला हा आकडा आहे. आडवं झाल्यावर तिथला दाब अगदी थोडा राहतो. उभं राहिल्यावर अर्धा ते पाऊण लिटर रक्त कमरेखाली उतरतं आणि या दाबामुळे रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून आजूबाजूच्या मांसात झिरपायला लागतं. त्यातलं काही लसिकावाहिन्या परत उचलतात. झिरपणं जास्त आणि उचलणं कमी असं तासन्‌तास चाललं की घोटे सुजतात.

रक्त वर चढवण्याचं काम पोटरीचं. तिच्या आतल्या भागात सोलियस नावाचा रुंद स्नायू असतो आणि त्यात रक्त साठणाऱ्या मोठ्या शिरा असतात. टाच उचलली की स्नायू आवळतो, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असल्यामुळे ते पुन्हा खाली येत नाही. दहा-बारा पावलं चाललं तरी घोट्याजवळचा दाब ३०च्या आसपास किंवा त्याखाली येतो.

पण पुन्हा स्थिर उभं राहिलं की धमन्यांतून येणारं रक्त त्या शिरा भरत जातं आणि निरोगी पायातही साधारण अर्ध्या मिनिटात दाब पहिल्या जागी पोचतो. शिरांच्या झडपा निकामी असतील तर त्याहूनही लवकर. म्हणजे सकाळी सिंहगड चढून आलात तरी त्याचा फायदा दुपारी तीन वाजता घोट्याला मिळत नाही. सुजेपुरतं बोलायचं तर एकदाच भरपूर व्यायाम करण्यापेक्षा दिवसभर थोडं थोडं हलणं जास्त कामाचं. स्नायूंची ताकद वाढवण्याचा हिशेब वेगळा आहे. तिथे आठवड्यातून दोनदा, पण नीट ताण द्यावा लागतो. ही दोन कामं एकत्र केली की योजना फसते, म्हणून ती वेगळीच ठेवायची.

उदाहरणादाखल धनकवडीला राहणाऱ्या एका ताई घेऊ. वय चाळिशीच्या आसपास, बीपी-शुगर नाही, सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ दुकान, आठवड्याला एक सुट्टी. सकाळी पाय ठीक असतात, दुपारी चारनंतर जड होतात आणि सातनंतर अंगात त्राण उरत नाही.

पहिले दोन आठवडे त्यांनी वेगळा व्यायाम करायचाच नाही. फक्त दुकानातली एक सवय लावायची: बिल झालं की दहा टाचा. काउंटरला बोटं नुसती टेकवायची, दोन सेकंदांत दोन्ही टाचा पूर्ण वर न्यायच्या, क्षणभर थांबायचं आणि तीन सेकंद घेत खाली यायचं. साडीच्या घोळात हे कुणाला कळतही नाही. मोबाइलवर गजर लावला तर ऐन गर्दीत तो बंद केला जातो, म्हणून खूण कामातलीच हवी. गिऱ्हाईक नसेल तेव्हा अर्ध्या तासातून एकदा तरी काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. नुसतं या पायावरून त्या पायावर वजन टाकल्याने कंबरेला बरं वाटतं, पण घोट्यात हालचाल झाली नाही तर पोटरी फारशी आवळत नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं पाय साड्यांच्या खोक्यावर, कमरेच्या उंचीला ठेवायचे. पुण्यातल्या दुकानांच्या ‘एक ते चार बंद’वर आपण कितीही विनोद केले तरी ती पद्धत पायांच्या भल्याची होती, असं माझं मत आहे. गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे स्टूल मिळणं ही चैन समजू नये. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलं.

तिसऱ्या आठवड्यापासून ताकदीचा व्यायाम सुरू करायचा, तोही सकाळी. एक दिवस सुट्टीचा आणि एक मधल्या वारी. पाच तास उभ्याने काम केल्यावर अर्धा तास बसून विश्रांती घेतली तरी पायांच्या स्नायूंतला थकवा मोजता येतो आणि तो माणसाला दर वेळी जाणवतोच असं नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे रात्री नऊ वाजता ताईंना व्यायाम नको वाटतो याला आळस म्हणायचं कारण नाही. थकलेल्या पोटरीवर रात्री ताण दिला तर हालचाल अर्धवट होते आणि तो ताण तळव्यात टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या जाड पडद्यावर जातो.

सकाळी डबा भरून झाल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून पंधरा मिनिटं पुरतात. दोन्ही पायांवर बारा-बारा टाचांच्या दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विसावा. मग खुर्चीवर हळू बसून हात न टेकवता उठायचं, आठ वेळा, तेही दोनदा. पाचव्या आठवड्यात टाचांच्या तीन फेऱ्या पंधरा-पंधराच्या करायच्या आणि त्यातली एक गुडघे थोडे वाकवून, कारण गुडघा वाकलेला असताना भार सोलियसवर जास्त येतो. सातव्या आठवड्यापासून एका पायावर. तरण्या, सुदृढ माणसाने एका पायावर पंचवीस टाचा काढाव्यात असा जुना ठोकताळा आहे. चाळिशीतल्या ताईंना सुरुवातीला सात-आठ जमल्या तरी पुष्कळ. टाच पहिल्याइतकी उंच जाईनाशी झाली की मोजणं थांबवायचं. ओट्यावर हातांनी जोर देऊन काढलेल्या टाचा धरायच्या नाहीत.

ताण जास्त होतोय हे दोन गोष्टींवरून कळतं. पोटरीचं दुखणं दोन दिवसांनंतरही तसंच असेल, किंवा सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल, तर एक पायरी मागे यायचं. ती टाचेची कळ अंगावर काढू नये. दुकानातली फरशी आणि पातळ चप्पल मिळून ती महिनोन्‌महिने टिकते. नवी चप्पल संध्याकाळी, पाय फुगलेले असतानाच घ्यावी. सकाळी बरोब्बर बसलेली चप्पल संध्याकाळी चावते.

आता दुकान सुटल्यानंतरचं. बाजीराव रस्त्याने स्वारगेटपर्यंत रमतगमत चालायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पायांत साठलेलं पाणी उतरवायला हे चालणं उत्तम. ज्या दिवशी जिवावर येईल त्या दिवशी जवळच्या थांब्यावरून सरळ बस धरावी. घरी गेल्यावर भिंतीला किंवा उशांवर पाय उंच करून पंधरा मिनिटं पडायचं आणि अधूनमधून पंजे वर-खाली हलवायचे. रात्रीचा व्यायाम एवढाच. सातच्या सुमाराला जो गळाठा येतो त्यात भुकेचाही वाटा असतो: दोनला जेवण, पाचला चहा आणि मग थेट साडेनऊला पोळी. सहा वाजता मूठभर चणे-शेंगदाणे किंवा एक केळं खाल्लं की फरक कळतो. सातचा चहा मात्र सोडावा. त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग चार-पाच तासांनंतरही अंगात असतो, आणि झोप बिघडली की दुसऱ्या सकाळच्या टाचा बुडतात. स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने सूज कमी होत नाही, उलट थकवा वाढतो. सूज कमी करायची तर लोणचं-पापडाला हात आखडता घ्यावा.

उपयोग होतोय की नाही हे कळायला ब्लाउज शिवणाऱ्यांकडची टेप पुरते. घोट्याच्या हाडाच्या लगेच वरचा घेर सकाळी उठल्यावर आणि रात्री घरी आल्यावर, त्याच जागी, तितक्याच सैल टेपने मोजायचा. समजा, पहिल्या आठवड्यात सकाळी २२ आणि रात्री २३.५ सेंटिमीटर भरला, आणि महिन्याभराने रात्रीचा आकडा २२.८ वर आला, तर बिलामागच्या टाचा लागू पडताहेत. रात्रीचा आकडा तसाच राहिला तर टाचा वाढवण्याआधी घट्ट मोज्यांचा विचार करावा. घोट्याशी १५ ते २० दाबाचे, गुडघ्याखालपर्यंतचे मोजे कामाच्या सुजेला बहुधा पुरतात. ते सकाळी, सूज यायच्या आत चढवायचे. मे महिन्यात पुण्यात ते नकोसे होतात, हेही खरं. मधुमेह असेल किंवा चालताना पोटरीत पेटके येऊन थांबल्यावर जात असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मोजे घालू नयेत. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर मोज्यांनी इजा होते.

सकाळचा आकडाच वाढत चालला असेल तर मामला वेगळा. उभं राहून आलेली सूज रात्रभराच्या झोपेने उतरायला हवी. ती सकाळीही राहत असेल, नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा पडून तसाच राहत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी चालू असेल तर घोटे तिनेही सुजतात. गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर शिरेत गुठळी असू शकते. तेव्हा टाचा नाहीत, मालिश तर नाहीच, त्याच दिवशी दवाखाना. सोबत दम लागत असेल तर सरळ इमर्जन्सीत जावं.

दसरा ते दिवाळी आणि लग्नसराईत ही योजना बदलायची. त्या दिवसांत सुट्टीही जाते आणि दुकान रात्री उशिरापर्यंत चालतं. तेव्हा सकाळचा व्यायाम आठवड्यातून एकदाच, टाचांची एकच फेरी, एवढ्यावर आणावा. कमावलेली ताकद काही आठवडे तेवढ्यावरही बऱ्यापैकी टिकते. बिलामागच्या दहा टाचा आणि रात्री पाय वर करणं मात्र सोडायचं नाही. त्या दिवसांत बिलंही जास्त होतात, त्यामुळे टाचा आपोआप वाढतात. गर्दी ओसरली की दोन आठवडे मागच्या पायरीवरून सुरुवात करावी: एका पायावर होतात तर दोन पायांवर, पंधरा होतात तर बारा.