गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना

विक्री, प्रवासी, रुग्ण, वीजवापर अशा आठवडी आकड्यांची वाढ किंवा घट मोजताना गेल्या वर्षीचा 'तोच' आठवडा पायाला धरतात. ऋतूचा परिणाम त्यात आपोआप वगळला जातो, म्हणून ही पद्धत लोकप्रिय आहे. अडचण 'तोच' या शब्दात आहे. तारीख, वार, आठवड्याचा क्रमांक आणि सण या चार गोष्टी दोन वर्षांत एकाच वेळी जुळत नाहीत. एक जुळवली की दुसरी सुटते, त्यामुळे कोणती जुळवायची हे आकडे पाहण्याआधी ठरवावे लागते.

365 दिवस म्हणजे 52 आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये 29 फेब्रुवारी आला तर दोन वार. शनिवार-रविवारी कामकाज वेगळे चालत असेल, तर तारखेला तारीख लावून केलेली तुलना तिथेच फसते. यावरचा सोपा उपाय म्हणजे 365 ऐवजी 364 दिवस मागे जाणे. 364 ला 7 ने पूर्ण भाग जातो, म्हणून सोमवारासमोर सोमवारच येतो.

```
JOIN sales p ON p.d = c.d - 364
```

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये `d` हा `date` प्रकारचा स्तंभ असेल तर एवढे पुरते. मात्र पुष्कळ अहवाल दिवस मोजण्याऐवजी आठवड्याचा क्रमांक जुळवतात. आयएसओ 8601 प्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. या नियमाने काही वर्षांना 53 आठवडे येतात. 2015, 2020 आणि 2026 ही अशी वर्षे. 2026 चा 53 वा आठवडा 28 डिसेंबरला सुरू होऊन 3 जानेवारी 2027 ला संपतो. गेल्या वर्षी त्याच क्रमांकाचा आठवडाच नसल्याने त्याच्यासमोर रकाना रिकामा राहतो, आणि ते निदान दिसते तरी. त्यानंतरची चूक दिसत नाही. 2027 चा पहिला आठवडा 4 जानेवारीपासून आहे, पण 2026 चा पहिला 29 डिसेंबर 2025 पासून. क्रमांकाला क्रमांक लावला की 371 दिवसांचे अंतर पडते, नववर्षाचा आठवडा साध्या आठवड्यासमोर येतो आणि 2027 ची जवळजवळ सगळी तुलना एक आठवडा सरकलेली राहते. 2027 च्या पहिल्या आठवड्यासमोर 2026 चा दुसरा आठवडा लावणे, हे इथे बरोबर.

क्रमांकाचे लेबल बनवतानाही एक ठरावीक चूक होते. strftime च्या साच्यात `%Y-W%V` असे लिहिले की वर्ष नेहमीच्या कॅलेंडरचे येते आणि आठवडा आयएसओचा. 29 डिसेंबर 2025 ला मग `2025-W01` हे लेबल मिळते, खरे लेबल `2026-W01` असताना. उपाय `%G-W%V`. ही चूक ओळखायला प्रत्येक लेबलाखालचे दिवस मोजावेत: चुकीच्या `2025-W01` मध्ये 1 ते 5 जानेवारी आणि 29 ते 31 डिसेंबर मिळून 8 दिवस भरतात. कोणत्याही लेबलाखाली सातपेक्षा जास्त दिवस निघाले, की दोष लेबलातच आहे.

वार नीट जुळले तरी सण जुळतीलच असे नाही. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान केव्हाही येतो. रमजान दर वर्षी साधारण 10-11 दिवस आधी सरकतो. लक्ष्मीपूजन 2022 मध्ये 24 ऑक्टोबरला होते आणि 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 12 नोव्हेंबरला गेले.

ईस्टरचेच एक उदाहरण घेऊ. 2024 चा ईस्टर 31 मार्चला, म्हणजे 13 व्या आठवड्याच्या रविवारी होता. 2025 चा 20 एप्रिलला, 16 व्या आठवड्याच्या रविवारी. समजा एका व्यवसायाला साध्या आठवड्यात 1000 ऑर्डर येतात, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात 1200, ईस्टरच्या आठवड्यात 1400 आणि नंतरच्या आठवड्यात 900. खरी वाढ सगळीकडे 5 टक्के धरू. मग 2025 मध्ये 13 व्या आठवड्यात 1050 ऑर्डर आल्या; त्यासमोर गेल्या वर्षीच्या 1400 ठेवल्या की 25 टक्के घट दिसते. 16 व्या आठवड्यात 1470 आल्या. त्यासमोर 1000 ठेवल्या की 47 टक्के वाढ दिसते. दोन्ही आकडे अंकगणिताने अचूक आणि अर्थाने निरुपयोगी.

यातून दोन प्रकारे बाहेर पडता येते. पहिला म्हणजे सणाला सण लावणे: 1470 समोर 1400, वाढ 5 टक्के. मात्र एकच आठवडा उचलून भागत नाही. सणाआधीची चढण आणि नंतरची ओहोटीही सोबत न्यावी लागते. 2025 च्या 15, 16 आणि 17 व्या आठवड्यांसमोर 2024 चे 12, 13 आणि 14 असे तिन्ही. त्यामुळे 2025 चे 12 ते 14 हे साधे आठवडे जोडीदाराविना उरतात आणि त्यांना 2024 चे 15 ते 17 द्यावे लागतात. जोड्या लावून झाल्यावर गेल्या वर्षीचा प्रत्येक आठवडा एकदाच आणि एकदा तरी वापरला आहे, हे तपासावे. आकर्षक आठवडा दोनदा पायाला आणि नकोसा एकदाही नाही, हा घोटाळा इथेच होतो.

दुसरा मार्ग म्हणजे खिडकी मोठी करणे. दोन्ही वर्षांचे 12 ते 17 हे सहा आठवडे एकत्र केले तर 2024 मध्ये 6500 आणि 2025 मध्ये 6825 ऑर्डर होतात, म्हणजे पुन्हा 5 टक्के. सण खिडकीत कुठेही असला तरी चालतो, फक्त त्याच्या दोन्ही बाजू आत हव्यात. याची किंमत म्हणजे वाट पाहणे: 17 वा आठवडा संपेपर्यंत नक्की काही सांगता येत नाही. घाईच्या बैठकीत मात्र अर्ध्या खिडकीचा आकडा देण्यापेक्षा 'तुलनायोग्य नाही' असे लिहिलेले बरे.

ठरलेल्या तारखेचे सणही निर्धोक नसतात. 25 डिसेंबर 2022 ला रविवार होता, 2023 ला सोमवार. 2022 मध्ये सणाआधीचे सहा दिवस सणाच्याच आठवड्यात होते; 2023 मध्ये आठवडा सणापासूनच सुरू झाला आणि खरेदीची गर्दी आदल्या आठवड्यात राहिली. वारावर ठरलेल्या सणांचीही हीच गत. अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. 2024 मध्ये तो 28 ला होता. त्यातून 364 दिवस वजा केले की 30 नोव्हेंबर 2023 येतो, आणि त्या वर्षीचा थँक्सगिव्हिंग 23 लाच होऊन गेला होता.

म्हणून रोज हे डोक्याने जुळवण्याऐवजी तारखांचा एक तक्ता ठेवतात. प्रत्येक तारखेसमोर आयएसओ आठवडा, जवळचा मोठा सण, त्या सणापासूनचे अंतर (आधी उणे, नंतर अधिक) आणि हाताने ठरवलेली तुलनेची तारीख. शेवटचा स्तंभ वर्ष सुरू होण्याआधीच भरून बंद करावा. निकाल पाहून पाया बदलण्याची मुभा राहिली की कोणतीही वाढ सिद्ध करता येते.

सणाला सण लावूनही एक गोष्ट सुटत नाही. मार्चअखेरचा ईस्टर आणि 20 एप्रिलचा ईस्टर यांत तीन आठवड्यांचा ऋतू बदललेला असतो आणि महिनाअखेरही वेगळ्या ठिकाणी पडते. हवामानावर चालणाऱ्या मालात हा फरक सणाच्या परिणामाइतका मोठा असू शकतो. तिथे अनेक वर्षांच्या आकड्यांवरून सणाचा आणि ऋतूचा वाटा वेगवेगळा काढावा लागतो. अमेरिकेच्या जनगणना विभागाची एक्स-13 ही प्रणाली मासिक आणि तिमाही मालिकांसाठी ईस्टरचा वाटा असाच काढते. आठवडी मालिकेसाठी ती बनलेली नाही, आणि हाताशी दोनच वर्षे असतील तर कोणत्याही प्रणालीला हे दोन वाटे वेगळे करता येत नाहीत.