प्रकल्प व्यवस्थापनातील परिपक्वता प्रारूपे

एखादी संस्था वेळेत आणि ठरलेल्या खर्चात प्रकल्प पुरा करते, तो एखाद्या हुशार मॅनेजरच्या जोरावर की संस्थेच्या पद्धतीच्या जोरावर, हे पायऱ्यांच्या मापाने ठरवण्याचा आराखडा म्हणजे परिपक्वता प्रारूप. कामाच्या ठिकाणी त्याला सरसकट 'मॅच्युरिटी मॉडेल' म्हणतात.

याचे मूळ सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर कंत्राटदारांची कुवत आधीच जोखायची होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांनी 1986 पासून त्यावर काम केले आणि 1991 मध्ये 'सीएमएम', म्हणजे कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, प्रसिद्ध झाले. त्याच्या पाच पायऱ्या अशा: प्रारंभिक, पुनरावर्ती, परिभाषित, व्यवस्थापित आणि सतत सुधारणारी. पुढे प्रकल्प व्यवस्थापनासाठी हॅरोल्ड कर्झनर यांचे पाच पायऱ्यांचे प्रारूप आले. पीएमआय, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, या संस्थेने 2003 मध्ये 'ओपीएम3' हे प्रारूप आणले आणि ब्रिटनमध्ये 'पी3एम3' आले.

पायऱ्यांच्या नावांपेक्षा दोन पायऱ्यांमधला फरक समजणे महत्त्वाचे. दुसऱ्या पायरीवर प्रत्येक टीम आपापले नियोजन नीट करते, पण आपापल्या रीतीने. तिसरीवर संस्थेची एकच पद्धत असते आणि टीम ती आपल्या प्रकल्पापुरती बेतून घेते. चौथीवर या पद्धतीतून निघालेल्या आकड्यांवर निर्णय होतात. म्हणूनच मधली पायरी गाळून वर जाता येत नाही. ओपीएम3 हाच क्रम वेगळ्या शब्दांत मांडते: आधी प्रमाणीकरण, मग मापन, मग नियंत्रण, मग सुधारणा.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिच्या एका टीमने 'प्रकल्पाला 100 दिवस लागले' असे नोंदवले, दुसरीने 130. पहिली टीम फक्त कोडिंगचे दिवस मोजत होती, दुसरी त्यात चाचणीचे 30 दिवसही धरत होती. म्हणजे काम दोघींचे सारखेच होते, आणि 115 ही सरासरी कोणत्याच टीमचे खरे चित्र दाखवत नव्हती. कंपनीने आधी 'दिवसांची मोजणी कधी सुरू, कधी संपली' याची व्याख्या एक केली. त्यानंतरच्या पाच प्रकल्पांत अंदाजापेक्षा जास्त लागलेला वेळ 18, 22, 20, 65 आणि 25 टक्के निघाला. सरासरी 30 टक्के. पण 65 टक्क्यांच्या प्रकल्पात ग्राहकाने अर्ध्या वाटेत मागणीच बदलली होती. हे खास कारण, त्याचा विचार वेगळा व्हायला हवा. उरलेल्या चारांची सरासरी सुमारे 21 टक्के येते. ही मात्र पद्धतीतच मुरलेली चूक, म्हणजे अंदाजच कमी धरला जातो. कंपनीने सर्व अंदाज 30 टक्क्यांनी फुगवले असते, तर एका अपवादाचा भार प्रत्येक प्रकल्पावर पडला असता. अर्थात नियंत्रण मर्यादा, म्हणजे नेहमीचा चढउतार कुठवर आणि खास कारण कुठून याच्या रेषा, आखायला पाच प्रकल्प फारच कमी आहेत. इथे दिशा तेवढी दिसते.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे कागदोपत्री तिसरी पायरी. मॅन्युअल छापलेले असते, टेम्प्लेट भरलेले असतात, पण ते मूल्यांकनाच्या आदल्या आठवड्यात. ओळखायची खूण सोपी: जोखीम नोंदवहीतल्या सगळ्या नोंदींच्या तारखा एकाच दोन-तीन दिवसांतल्या असतात आणि एकही जोखीम मध्येच बंद झालेली दिसत नाही. खऱ्या वापरातली नोंदवही प्रकल्पाबरोबर हलते. माझ्या मते मूल्यांकनाला बसणाऱ्याने पहिल्यांदा हीच वही उघडावी.

परीक्षेतले प्रश्न याच फरकांवर बेतलेले असतात.

'संस्थेकडे मॅन्युअल आहे, पण प्रत्येक टीम स्वतःची एक्सेल शीट वापरते. पायरी कोणती?' उत्तर दुसरी. पद्धत लिहिली म्हणून परिभाषित होत नाही, वापरली तरच होते.

'व्यवस्थापित' ही पायरी कितवी, हा प्रश्न प्रारूपाचे नाव वाचल्याशिवाय सोडवू नये. सीएमएममध्ये ती चौथी आहे. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, सीएमएमआयमध्ये, दुसऱ्या पायरीला हे नाव मिळाले आणि चौथी झाली 'संख्यात्मकरीत्या व्यवस्थापित'.

'सीएमएमआयच्या पायरी-पद्धतीत एका संस्थेची चौथ्या पायरीची काही प्रक्रिया-क्षेत्रे उत्तम आहेत, दुसरी पूर्ण आहे, पण तिसरीतले एक क्षेत्र अपुरे आहे.' उत्तर दुसरी पायरी. इथे सरासरी काढत नाहीत, खालची प्रत्येक पायरी पूर्ण लागते.

कर्झनर यांच्या प्रारूपावर विचारतात: 'सामायिक भाषा, सामायिक प्रक्रिया, एकच कार्यपद्धती, तुलनात्मक मापन, सतत सुधारणा यांपैकी कोणत्या लगतच्या पायऱ्या सहसा एकमेकींवर येत नाहीत?' उत्तर दुसरी आणि तिसरी. एकच कार्यपद्धती पाळायचे ठरले की बाकीच्या पद्धतींवरचे काम थांबते, त्यामुळे दोन्ही टप्पे एकत्र चालत नाहीत. पहिली आणि दुसरी मात्र बरोबरीने चालू शकतात, कारण भाषा शिकत असतानाच प्रक्रियाही घडवता येतात.