अक्षर बदललं की टिंब गळलं? लॅब रिपोर्टच्या ओसीआरमधल्या दोन वेगळ्या चुका

जुना लॅब रिपोर्ट स्कॅन करून ओसीआरने मजकूर काढला, की हिमोग्लोबिनच्या पुढे कधी `l3.2` दिसतं आणि क्रिएटिनिनच्या पुढे `11`. पहिल्यात एकाच्या जागी इंग्रजी एल आलाय, दुसऱ्यात १.१ मधलं टिंब गेलंय. दोन्हींना आपण ‘ओसीआरची चूक’ म्हणतो आणि एकाच पद्धतीने दुरुस्त करायला बसतो. ते जमत नाही.

अक्षर बदलतं तेव्हा सॉफ्टवेअरला आकार दिसलेला असतो, फक्त त्याने तो चुकीचा ओळखलेला असतो. शून्याचा ओ, पाचाचा एस, आठाचा बी. आकड्यांच्या रकान्यात अक्षर आलं की ते लगेच डोळ्यांत खुपतं, आणि तेवढ्याच रकान्यापुरता ‘शोधा-बदला’ चालवला तरी काम होतं. अख्ख्या फाइलवर मात्र तो चालवू नका, नाहीतर `mg/dl` चं `mg/d1` होऊन बसेल. तीनाचा आठ झाला तर प्रकरण अवघड, कारण आकड्याच्या जागी आकडाच असतो आणि नजर त्याच्यावरून सरळ घसरते.

टिंबाची गोष्ट निराळी. दीडशे डीपीआयच्या स्कॅनमध्ये छापील टिंब जेमतेम दोन-तीन पिक्सेलचं असतं. त्यात प्रिंटरची रिबन फिकी असेल, किंवा स्कॅन ‘साफ’ करण्यासाठी ठिपके काढणारा फिल्टर लावला असेल, तर धुळीच्या कणांबरोबर तेही पुसलं जातं. म्हणून मी रिपोर्टसाठी तो फिल्टर बंदच ठेवतो आणि तीनशे डीपीआयच्या खाली स्कॅन करत नाही. टेसरॅक्ट हे ओसीआर सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाला विश्वासाचा गुण देतं, पण इथे त्याचाही आधार घेता येत नाही. उरलेले दोन्ही एक स्वच्छ छापलेले असतात, म्हणून `11` ला छान गुण मिळतात. जे दिसलंच नाही त्याबद्दल शंका कुठून येणार?

रक्ताच्या सीबीसी तपासणीत मात्र आकडेच एकमेकांची साक्ष देतात. पीसीव्हीला, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीला, आरबीसीने, म्हणजे त्या पेशींच्या संख्येने, भागून दहाने गुणलं की एमसीव्ही, म्हणजे एका लाल पेशीचा सरासरी आकार, येतो. समजा मजकुरात आरबीसी ४.४१, पीसीव्ही ३९७ आणि एमसीव्ही ९०.० असं आलंय. ३९७ ने हिशेब केला तर एमसीव्ही ९०० येतो, छापलेल्याच्या बरोबर दहापट. बरोबर दहापट किंवा शंभरपट फरक म्हणजे टिंब गेलं. खरा पीसीव्ही ३९.७. त्याच जागी ८९.७ आलं असतं तर एमसीव्ही साधारण २०३ आला असता. हा फरक सव्वादोन पटीचा, म्हणजे टिंब जागेवर आहे, आकडाच बदललाय. शेवटच्या दशांशात थोडा फरक पडला तर तो राउंड-ऑफ करण्याचा, त्याकडे दुर्लक्ष करा.

क्रिएटिनिनला असा जोडीदार नसतो. इथे शेजारी छापलेली ०.७ ते १.३ ही मर्यादा बघून अकराचं १.१ करण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते ही सगळ्यात वाईट दुरुस्ती. डायलिसिसवरच्या रुग्णाचं क्रिएटिनिन खरोखर अकरा असू शकतं. मर्यादेबाहेरचा आकडा बघायलाच तर रिपोर्ट काढलेला असतो! मर्यादा संशय घ्यायला वापरावी, उत्तर ठरवायला नाही. त्यापेक्षा आधी `H` ची खूण पाहावी. ज्या लॅबच्या छपाईत वाढलेल्या प्रत्येक आकड्यापुढे ती असते, तिथे खूण नसलेलं अकरा संशयास्पद. मात्र काही लॅब वाढलेला आकडा नुसता ठळक छापतात आणि साध्या मजकुरात तो ठळकपणा उरत नाही.

डॉट मॅट्रिक्सच्या छपाईत आणखी एक पुरावा सापडतो. तिथे प्रत्येक चिन्हाला, टिंबालासुद्धा, सारखीच जागा मिळते. इंचाला दहा अक्षरं आणि तीनशे डीपीआय असेल तर एका चिन्हाला तीस पिक्सेल. दोन एकांच्या डाव्या कडांमध्ये तीस पिक्सेल असतील तर ते अकरा. साठ असतील तर मधे काहीतरी छापलं होतं. कधी ओसीआर तिथे मोकळी जागा सोडून `1 1` असंही देतं. शब्दाची जागा आणि रुंदी अशी मिळते:

```
tesseract report.png out --psm 6 tsv
```

इतर छपाईत, जिथे टिंब अरुंद असतं, तिथे हे माप चालत नाही. मग मूळ चित्र मोठं करून बघणं एवढंच उरतं. थर्मल कागदावरची छपाई उडून गेली असेल तर तेही नाही. अशा वेळी रकान्यात अंदाज न लिहिता ‘वाचता येत नाही’ लिहावं आणि ओसीआरने दिलेला कच्चा आकडा शेजारच्या रकान्यात तसाच ठेवावा.