बागेत घरचं कोण, मजूर कोण? बालमजुरी कायद्यातल्या कौटुंबिक सवलतीची पार्श्वभूमी

1881 च्या फॅक्टरी कायद्यात किमान वय 7 होतं, 1891 मध्ये ते 9 झालं. हे आकडे कारखान्यांपुरते होते. शेत आणि घर कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिले.

घरातल्या धंद्याचा प्रश्न नाशिक जिल्ह्यात आधी विडीमुळे आला. सिन्नरच्या घराघरांत तेंदूपान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हे सगळं आईच्या बाजूला बसून मुली करत. 1966 च्या विडी कायद्याने कुटुंबीयांच्या मदतीने स्वतःच्या घरात विड्या वळणाऱ्याला सूट दिली, पण तो कोणत्या मालकाचा कामगार नसेल तरच. पानतंबाखू कंपनीची, विड्या मोजून घेणार कंपनी, म्हणजे ती बाई कामगारच, त्यामुळे सूट लागूच नव्हती. 1986 च्या बालमजुरी कायद्याने विडी धोक्याच्या कामांत टाकली, पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कार्यशाळेला पुन्हा मोकळं ठेवलं. यात ‘मालकाचा कामगार नसेल तर’ ही अट मात्र नव्हती. कडक कायदा आणि ढिली सूट, हा मेळ तेव्हाच जमला.

खरा गुंता 2016 च्या दुरुस्तीत आहे. 14 वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली, मात्र शाळेनंतर आणि सुट्टीत ‘कुटुंबाला किंवा कौटुंबिक उद्योगाला मदत’ चालते, काम धोक्याच्या यादीतलं नसेल तर. कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण, काका, आत्या, मामा, मावशी. या यादीत आजोबा-आजी नाहीत! निफाडमध्ये सातबारा अजूनही आजोबांच्या नावावर असलेली घरं थोडी नाहीत, आणि अक्षरशः वाचलं तर तिथल्या नातवाची मदत कुटुंबात बसवायला वडील शेत कसतात हे दाखवावं लागतं.

कौटुंबिक उद्योगाची व्याख्या तर उलटीच वाटते: कुटुंबातल्या माणसांनी ‘इतर व्यक्तींना सोबत घेऊन’ केलेलं काम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या किमान वयाच्या करारात (क्र. 138, 1973) शेतीची सवलत आहे ती स्थानिक वापरासाठी पिकवणाऱ्या आणि नेहमी मजूर न लावणाऱ्या छोट्या कुटुंबशेतीला. म्हणजे तिकडे मजूर लावला की सवलत जाते, इकडे मजूर व्याख्येतच आहे. 2017 मध्ये भारताने तो करार स्वीकारला, व्याख्या मात्र तशीच राहिली.

त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांनी दुसऱ्या बाजूने आवळलं. मदत दिवसाला विश्रांती वगळून 3 तासांपेक्षा जास्त नको, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 मध्ये नको, कुटुंबच त्या जागेचं ताबेदार हवं, आणि कुटुंबाला ज्यातून कमाई होते अशा उत्पादन-विक्रीच्या साखळीत मूल नको. शेवटची अट सरळ वाचली तर लासलगावच्या बाजारात जाणाऱ्या कांद्याची पात कापणंही बसत नाही. मूळ कायदा उद्योगाला मदत करू देतो आणि नियम कमाईच्या उद्योगातून मुलाला बाहेर काढतो. वेळेची अटही उन्हाळ कांद्याला जुळत नाही: एप्रिलमध्ये ऊन चढायच्या आत, 6 वाजताच काढणी सुरू होते.

दिंडोरीतली द्राक्षबाग घेऊ. ऑक्टोबर छाटणी झाली की लगेच काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग होतं, म्हणजे ते फडक्याने लावतात, कारण डोळे एकसारखे फुटायला हवेत. हे औषध कातडी भाजतं. छाटणी मागेपुढे झाली की हे काम दिवाळीच्या सुट्टीत येऊ शकतं, पण ते कायद्याने कीडनाशकांत मोडतं आणि कीडनाशकं हाताळणं धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे मालकाच्या मुलालाही ‘सुट्टी आहे’ म्हणून फडकं हातात देता येत नाही. पुढे घड लागल्यावरची विरळणी म्हणजे कात्रीने मणी कमी करणं. यात औषध नसेल तर मालकाची मुलगी शाळेनंतर तासभर करू शकते.

शेजारच्या ओळीत पेठ-सुरगाण्याहून आलेलं कुटुंब एकरी ठरवून, उक्त्याने तीच विरळणी करत असतं. त्यांचीही मुलगी तेवढ्याच वयाची. ती आईवडिलांनाच मदत करते, पण बाग त्यांच्या ताब्यात नाही, म्हणून सवलत नाही आणि ती बालमजूर ठरते. उक्त्यात कामाचा हिशोब एकराचा असतो, माणसांचा नाही. हजेरीवर नाव नसल्याने ती कागदावर कधीच दिसत नाही. तपासणीत आईच्या हातचं काम आणि मुलीचं काम वेगळं करायला पुरावा उरत नाही.

शाळेकडून लागणारा सुगावाही कच्चा आहे. न कळवता सलग 30 दिवस गैरहजर राहिल्यावरच मुख्याध्यापकाने बालमजुरी कायद्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं असतं. विरळणी तेवढ्यात आटोपते, किंवा मूल मध्ये एक दिवस शाळेत येऊन जातं आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. स्थलांतरित मुलांसाठी राज्याने आणलेलं शिक्षण हमी कार्ड बागेजवळच्या शाळेत मध्येच प्रवेश मिळवून देतं, पण ते गाव सोडण्याआधी मूळ शाळेतून घ्यावं लागतं.