पार्श्वभूमी : पंचगंगेकाठच्या औद्योगिक पट्ट्यातील मालमत्ता विम्याची संचय मर्यादा

कोल्हापूरच्या पंचगंगेलगत, महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात एकाच विमा कंपनीने किती रकमेची जोखीम पत्करावी, यावर मर्यादा घालणारे अंतर्गत टिपण सध्या चर्चेत आहे. या पट्ट्यात फाउंड्री, मशीन शॉप, पॅकेजिंगचे कारखाने आणि सुताची गोदामे एकमेकांना लागून आहेत. टिपणातील आकड्यांवर मतभेद आहेत, पण खरा वाद आकड्यांचा नसून संचय, म्हणजे एकाच पुरात एकदम सापडू शकणाऱ्या जोखमींची बेरीज, कशाच्या आधारे मोजायचा याचा आहे. तो समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

कारखान्यांच्या मालमत्तेचा विमा आपल्याकडे मुळात आगीचा विमा म्हणून वाढला. दर आणि अटी दरपत्रकाने बांधलेल्या होत्या. वादळ, पूर आणि जलमयता हा धोक्यांचा एक गट होता. विमाधारकाने पॉलिसीच्या सुरुवातीलाच तो संपूर्ण जागेसाठी वगळला, तर प्रीमियममध्ये सवलत मिळत असे. त्यामुळे ज्यांच्याकडे पुराचे पाणी येत नसे ते हा गट वगळत आणि ज्यांच्याकडे येत असे ते आवर्जून ठेवत. पुराचे संरक्षण नदीकाठालाच एकवटत गेले, आणि तरीही त्याचा दर नदीपासूनच्या अंतरावर ठरत नसे. १ जानेवारी २००७ पासून दर खुले झाले. कंपन्यांना काठावरच्या कारखान्याला जास्त दर लावता येणार होता; प्रत्यक्षात स्पर्धेमुळे दर सगळीकडेच खाली आले.

आगीच्या विम्यातून आलेली आणखी एक सवय इथे अधिक महाग पडली. दोन शेडमध्ये पुरेसे मोकळे अंतर असेल किंवा मधली भिंत आग अडवणारी असेल, तर कंपनीच्या वतीने जोखीम तपासून स्वीकारणारा अंडररायटर त्या दोन स्वतंत्र जोखमी धरतो. एक जळाली तरी दुसरी वाचेल हे त्यामागचे गृहीत आहे आणि आगीपुरते ते योग्यही आहे. पाणी मात्र मोकळ्या अंतरातूनच येते. दहा कंपाउंडांत विभागलेल्या दहा जोखमी पुराच्या दृष्टीने एकच असतात, आणि कंपनीच्या नोंदवहीत त्या दहा ठिकाणी लिहिलेल्या असल्यामुळे ही बेरीज कोणाच्या नजरेला पडत नाही.

२००५ च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी ५० फुटांच्या आसपास गेली. इथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी विमा क्षेत्राचे लक्ष २६ जुलैच्या मुंबईकडे होते आणि कोल्हापूरचे दावे त्या मानाने किरकोळ ठरले. त्या अनुभवावरूनच या पट्ट्यासाठी संभाव्य कमाल हानी विमा रकमेच्या सुमारे पाव हिश्श्याएवढी धरण्याचा प्रघात पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, पाणी आठवड्याहून अधिक काळ धोका पातळीच्या वर राहिले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०२१ च्या जुलैमध्ये पातळी ५६ फुटांच्या आसपास पोहोचली. पाव हिश्श्याचे गृहीत २०१९ मध्येच कोसळायला हवे होते. ते २०२१ पर्यंत टिकले, कारण २०१९ हा शतकातून एकदा येणारा पूर आहे अशी समजूत करून घेण्यात आली होती.

२०२१ च्या पुरानंतर संचय मोजण्याची गरज सर्वांनी मान्य केली, पण तो कसा मोजावा यावर एकमत झाले नाही. पहिली सूचना पिनकोडनिहाय बेरजेची होती. ती सोपी आहे, कारण पिनकोड प्रत्येक पॉलिसीवर असतो. मात्र एकाच पिनकोडात नदीकडे उतरणारी सखल जमीन आणि कधीही पाणी न पाहिलेला माळ असे दोन्ही येतात. बेरीज पिनकोडावर थांबवली तर माळावरच्या चांगल्या कारखान्यालाही नकार द्यावा लागतो. उलट, पिनकोडाची सीमा ओलांडून पलीकडे असलेली सखल गोदामे हिशेबातून निसटतात.

दुसरी सूचना पूररेषांची होती. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. या रेषा बांधकाम परवानगीसाठी आखल्या जातात. त्या शेडच्या जोत्याची उंची सांगत नाहीत, आणि एकाच रेषेच्या आत दोन फूट आणि आठ फूट पाणी चढणारे प्लॉट शेजारी शेजारी असू शकतात. शिवाय भराव टाकून उंच केलेला प्लॉट स्वतः वाचतो आणि शेजाऱ्याकडे पाणी ढकलतो, हेही रेषेवरून कळत नाही.

टिपणाने स्वीकारलेली तिसरी पद्धत कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यातूनच आली आहे. पावसाळ्यात इथला कोणताही कारखानदार, ‘बंधाऱ्यावर इतके फूट झाले की आमच्या गेटात पाणी येते’, असे ठामपणे सांगू शकतो. हा आकडा म्हणजे त्या प्लॉटचा उंबरठा. सर्वेक्षकाने तो भिंतीवरच्या पूरखुणेशी आणि जुन्या दाव्यांच्या अहवालांशी ताडून पाहायचा, जोत्याची उंची स्वतंत्र लिहायची आणि पॉलिसीच्या नोंदीत उंबरठ्याचा स्तंभ भरायचा, असे टिपण सांगते. बंधाऱ्यावरचे वाचन म्हणजे प्लॉटवरच्या पाण्याची खोली नव्हे आणि बंधाऱ्यापासून दूर गेल्यावर दोन्हींतील नाते बदलते, हे लक्षात ठेवावे लागते. तरीही कोणत्या पातळीला कोणत्या पॉलिसी एकत्र भिजतील, हे या आकड्याइतके स्पष्ट दुसरे काहीच दाखवत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कंपनीकडे या पट्ट्यात पाच पॉलिसी आहेत : २० कोटींची फाउंड्री आणि १२ कोटींचे मशीन शॉप, दोन्हींचा उंबरठा ४८ फूट, १५ कोटींचे सुताचे गोदाम, उंबरठा ५१ फूट, ८ कोटींचा पॅकेजिंगचा कारखाना, उंबरठा ५३ फूट, आणि माळावरचा २५ कोटींचा कारखाना, जिथे पाणी कधीच आलेले नाही. पिनकोडनुसार संचय ८० कोटी होतो. उंबरठ्यानुसार ५० फुटांच्या पुरात ३२ कोटी आणि ५५ फुटांच्या पुरात ५५ कोटी उघडे पडतात. या ५५ कोटींवर जुन्या प्रघाताने पाव हिस्सा काढला, तर हानी पावणेचौदा कोटी येते.

आता फाउंड्रीच्या आत पाहू. पाणी सर्वांत आधी केबल ट्रेंचमध्ये आणि भट्टीखालच्या खड्ड्यात शिरते, त्यामुळे फूटभर पाण्यातही वीज पॅनेलचा खालचा भाग आणि इंडक्शन भट्टीचे जोडकाम धोक्यात येते. पाणी सहा-सात फुटांवर गेले की पॅनेल, कपॅसिटर, सीएनसी यंत्रांचे स्पिंडल आणि सर्वो मोटर सगळेच बुडते. भिंती मात्र धुऊन पुन्हा वापरता येतात आणि तयार कास्टिंगही बऱ्याच अंशी वाचते. २० कोटींत यंत्रे ११ कोटींची असतील आणि त्यांचे साठ टक्के नुकसान झाले, तर इमारत व माल धरून दावा आठ कोटींच्या पुढे जातो. गोदामाचे गणित वेगळे असते. खालच्या थरातल्या गाठी पाणी पिऊन खचल्या की थप्पी कलते आणि वरच्या कोरड्या गाठीही पाण्यात पडतात, म्हणून खोली थप्पीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असली तरी नुकसान निम्म्यावर जाऊ शकते. अशा रीतीने चारही जागांची बेरीज सुमारे २४ कोटींवर जाते. पावणेचौदा आणि चोवीस यांतला फरक कंपनीच्या स्वतःच्या खिशातून जाण्याची शक्यता मोठी, कारण कंपनी स्वतःच्या जोखमीसाठी दुसऱ्या कंपनीकडून घेते तो पुनर्विमा पहिल्या आकड्यावर बेतलेला असतो.

इथेच मर्यादा विमा रकमेवर घालायची की संभाव्य कमाल हानीवर, हा वाद उभा राहिला. विपणनाच्या बाजूचे म्हणणे असे की पूर्ण विमा रक्कम कधीच बुडत नाही आणि तिच्यावर मर्यादा घातली तर जुने, वेळेवर प्रीमियम भरणारे ग्राहक हातचे जातील. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु हानीचा अंदाज जितका लवचिक, तितकी मर्यादाही लवचिक होते. टक्का थोडा खाली आणला की कागदावर नवी जागा तयार होते. टिपणाने दोन्ही मर्यादा ठेवल्या आहेत. खोलीनुसार काढलेली हानी ही रोजच्या कामाची मर्यादा आहे आणि ५६ फुटांच्या आतल्या एकूण विमा रकमेची मर्यादा ही न ओलांडायची भिंत आहे. या दुसऱ्या मर्यादेवर टीका झाली असली, तरी २०२१ चा अनुभव तिच्या बाजूने उभा आहे.

मर्यादा पाळण्याची साधनेही आता बदलली आहेत. १ एप्रिल २०२१ पासून एका ठिकाणी ५० कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी मानक पॉलिसी लागू झाल्या. त्यांत पूर हा मूळ संरक्षणाचाच भाग ठेवला होता. या पट्ट्यातले बहुतेक कारखाने याच टप्प्यात येतात. त्यामुळे मोठी विमा रक्कम इतर कंपन्यांबरोबर सहविम्यात वाटून घेणे, मर्यादेबाहेरच्या भागासाठी त्या एका जोखमीपुरता वेगळा पुनर्विमा घेणे, किंवा यंत्रांचे पॅनेल उंचावर नेण्यासारखी सुधारणा झाल्यावरच प्रस्ताव स्वीकारणे, हे मुख्य मार्ग उरतात. पुनर्विमा करारातही एक अडचण आहे. अनेक करारांत पुराची एक घटना १६८ तासांची धरली जाते. २०१९ सारखा पूर त्याहून लांबला, तर तो एक घटना की दोन हे ठरवावे लागते, आणि दोन ठरल्यास पुनर्विमा लागू होण्याआधीचा स्वतःचा वाटा कंपनीला दोनदा सोसावा लागतो.

टिपणातील सर्वांत छोटे कलम पावसाळ्यातल्या व्यवहाराचे आहे. बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की या पट्ट्यात नवी पॉलिसी, विमा रकमेत वाढ आणि साठ्याच्या रकमेची वाढीव नोंद थांबेल आणि पाणी पुन्हा इशारा पातळीखाली गेल्यावरच ती सुरू होईल. मुदत संपत आलेल्या पॉलिसीचे नूतनीकरण जुन्या रकमेवर करण्यास सूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नूतनीकरण येणाऱ्या कारखान्यांना ही सूट आवश्यकच आहे. मात्र, रक्कम वाढवायची असेल तर ती मे महिन्यातच वाढवून घ्यावी, हे त्यांना लेखी कळवण्याची जबाबदारी नेमकी शाखेची की एजंटची, हे टिपणाच्या सध्याच्या मसुद्यात लिहिलेले नाही.